डिस्लेक्सिया असलेल्या विद्यार्थिनीचे लेखन 'एआयचे' ठरवले, तर काय मागावे?

प्रश्न: माझ्या बहिणीला डिस्लेक्सिया आहे. ती यवतमाळ जिल्ह्यातल्या कॉलेजात बी.ए.ला आहे. तिचा इंग्रजी प्रकल्प एआयने लिहिला असे सांगून गुण रोखले आहेत. आम्ही कॉलेजकडे काय मागू शकतो?

उत्तर: मी याच भागात इंग्रजी शिकवतो आणि असेच एक प्रकरण जवळून पाहिले आहे. कपाशीच्या लागवडीवरील त्या प्रकल्पात जवळजवळ प्रत्येक वाक्य 'द फार्मर'ने सुरू होत होते, कारण ज्या शब्दांचे स्पेलिंग पक्के आहे तेच वापरायचे आणि एकच वाक्यरचना पुन्हा पुन्हा गिरवायची, असे त्या विद्यार्थिनीला लहानपणापासून शिकवले गेले होते. लेखन एआयचे आहे का, हे तपासणारी अनेक साधने मात्र पुढचा शब्द किती सहज ओळखता येतो आणि वाक्यांची लांबी किती बदलते, हेच मोजतात. त्यामुळे साधे, एकसुरी लेखन त्यांना यंत्राचे वाटते. २०२३ मध्ये स्टॅनफर्डच्या संशोधकांनी इंग्रजी मातृभाषा नसलेल्यांनी टोफेल या इंग्रजीच्या परीक्षेसाठी लिहिलेले ९१ निबंध अशा सात साधनांना दिले, तेव्हा सरासरी ६१ टक्के निबंध चुकीने यंत्राचे ठरले. तो अभ्यास डिस्लेक्सियाचा नव्हता; पण मोजके शब्द आणि साधी रचना हे कारण इथेही लागू पडते. शिवाय साहित्यचौर्याच्या अहवालात मूळ मजकूर समोर ठेवता येतो, तर इथे साधनाने दिलेल्या टक्केवारीखेरीज दाखवण्यासारखे काहीच नसते.

प्राचार्यांना लेखी अर्ज द्या आणि पोच घ्या. दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६ मध्ये विशिष्ट अध्ययन अक्षमतेचा समावेश आहे आणि डिस्लेक्सिया त्यातच मोडतो. कलम १६ नुसार शासनमान्य संस्थेने विद्यार्थ्याच्या गरजेनुसार वाजवी सोय द्यायची असते आणि ती नाकारणे हा कायद्याच्या व्याख्येत भेदभाव ठरतो. या अक्षमतेचे प्रमाणपत्र शाळेच्या काळातले असेल, तर अठराव्या वर्षानंतरचे नवे काढून जोडा.

अर्जात मुख्य मागणी अशी असावी की केवळ टक्केवारीवरून निर्णय न घेता प्रकल्पावर तोंडी परीक्षा घ्यावी, प्रश्न आधी लेखी द्यावेत, वाढीव वेळ द्यावा आणि उत्तरे मराठीत देण्याची मुभा असावी. 'आमच्यासमोर बसून लिहून दाखव' ही अट मात्र मान्य करू नका. घाईत, कोणी पाहत असताना लिहिणे हीच तर तिची अडचण आहे, आणि तिथे उतरलेले वेडेवाकडे लेखन पुढे तिच्याच विरोधात वापरले जाईल.

पुरावा म्हणून कच्ची वही, गूगल डॉक्समधील आवृत्त्यांचा इतिहास आणि नोव्हेंबर २०२२ पूर्वीच्या, म्हणजे चॅटजीपीटी येण्याआधीच्या, शालेय वह्या जोडा. शैली तेव्हाही तशीच होती हे त्यांतून दिसते. एक अडचण लक्षात ठेवा: मोबाइलवर बोलून लिहिलेला मजकूर दुसरीकडून एकदम चिकटवला, तर इतिहासात तो एका क्षणात आलेला दिसतो आणि संशय वाढतो. म्हणून बोलून लिहिण्याची आणि स्पेलिंग तपासण्याची परवानगी पुढच्या प्रकल्पाआधीच लेखी मागून ठेवा.

कॉलेजने दाद दिली नाही, तर यूजीसीच्या २०२३ च्या विनियमांनुसार विद्यार्थी तक्रार निवारण समितीकडे जा, त्यानंतर विद्यापीठाच्या लोकपालांकडे. सोयच नाकारली गेली असेल, तर पुण्यातील राज्य दिव्यांग आयुक्तांकडेही तक्रार करता येते.