कुत्री फिरवायची की त्यांचं खाणं करून विकायचं?

बेळगावात राहतो, जनावरांची आवड आहे. कमी पैशात घरून काय सुरू करता येईल? कुत्री फिरवणं बरं की घरचं खाणं विकणं?

फिरवण्यापासून सुरू करा, खाणं नंतर. मी टिळकवाडी-हिंदवाडी भागात हेच काम करतो. दोन मजबूत पट्टे, छातीला बांधायचा एक हार्नेस आणि विष्ठा उचलायच्या पिशव्या, एवढंच भांडवल. खरी अडचण वेळेची असते. सगळ्यांना सकाळी सहा ते आठच हवं असतं, आणि अर्ध्या तासाची एक फेरी आणि घर ते घर जाणं धरलं तर तेवढ्या वेळात तीनच कुत्री होतात. समजा एका कुत्र्यामागे महिन्याला दीड हजार घेतलेत, तर साडेचार हजार सुटतात. म्हणून गिऱ्हाईक एकाच गल्लीतली धरा, लांबचं पेट्रोल खातं. पहिल्या दिवशी मालकाला सोबत घ्या आणि रेबीज लसीचं कार्ड बघितल्याशिवाय पट्टा हातात घेऊ नका. तुम्हीही आधीच लस घेऊन ठेवा. भटकी कुत्री अंगावर येतात तेव्हा मध्ये आपणच असतो. एप्रिल-मेमध्ये डांबरावर हाताची मागची बाजू पाच सेकंद टेकत नसेल तर फेरी रद्द.

घरच्या खाण्याचं एवढंच, की नुसत्या चिकन-भातात कॅल्शियम फार कमी पडतं. रोज तेच दिलं तर पिल्लांची हाडं कमजोर होतात. त्यामुळे ते ‘पूर्ण आहार’ म्हणून विकू नका, अधूनमधूनचा खाऊ म्हणून द्या. कांदा-लसूण अजिबात नको.