फक्त शुद्धलेखन तपासायचं होतं

फोंडा

तुला आशीर्वाद.

तुमच्या सोसायटीतल्या आजोबांनी कमिटीला लिहिलेली गळतीची तक्रार आणि तू दुरुस्त केलेली प्रत, दोन्ही वाचल्या. बहुतेक चुका तू बरोबर पकडल्यास. पण त्यांनी शुद्धलेखन आणि व्याकरण एवढंच बघायला सांगितलं होतं, आणि चार ठिकाणी तू त्याच्या पलीकडे गेलास. त्यातली सगळ्यात गंभीर जागा म्हणजे एक अनुस्वार.

विषयाच्या ओळीत त्यांनी लिहिलंय, ‘बी विंगमधील रहिवाशाची गळतीबाबत तक्रार’. तू ‘रहिवाशांची’ केलंस. का केलंस तेही कळतं, कारण खाली सगळीकडे ‘आम्ही’ आहे. पण ‘रहिवाशाची’ हे रूप चुकीचं नाही. एका माणसासाठी तेच बरोबर आहे, आणि पत्राखाली सही एकच आहे. आपल्याकडे घरातला मोठा माणूस घरच्या सगळ्यांतर्फे ‘आम्ही’ लिहितोच. तुझ्या अनुस्वाराने एका घराची तक्रार अख्ख्या विंगची झाली. कमिटी पहिला प्रश्न विचारेल, बाकीच्यांच्या सह्या कुठे? मग गळती राहील बाजूला आणि म्हातारा माणूस खुलासे देत बसेल.

याउलट त्यांच्या ‘भिंतीना’ आणि ‘सभासदानी’वर तू न विचारता अनुस्वार दिलास ते योग्यच. ‘ना’ आणि ‘नी’ हे अनेकवचनाचे प्रत्यय, त्यांच्याआधी अनुस्वार हवाच. तो नसेल तर ते रूप प्रमाण मराठीत उभंच राहत नाही. लिहिलेलं रूप त्या वाक्यात उभं राहत नसेल तर दुरुस्त कर. राहत असेल आणि तरी शंका येत असेल, तर समासात पेन्सिलीने लिही, ‘एक की अनेक?’, आणि त्यांना विचार.

आता ते मोठं वाक्य. मूळ असं आहे: ‘पावसात गच्चीवरुन पाणि झिरपुन भिंतीना बुरशी आली आणी तीनदा कळवून सुद्धा कमीटीकडून प्लंबरला बोलावण्यात आला नाही.’

मराठी साहित्य महामंडळाचे १९६२चे नियम हाताशी असले की यातलं बरंच काम झटपट होतं. शब्दाच्या शेवटचा इकार दीर्घ, म्हणून ‘पाणी’. ‘आणि’ मात्र अपवाद, तो ऱ्हस्वच. ‘वरून’, ‘झिरपून’ यांतला ‘ऊन’ दीर्घ. ‘कमिटी’त ‘मि’ ऱ्हस्व. ‘सुद्धा’ आधीच्या शब्दाला जोडून. थांबायचं ते क्रियापदापाशी. प्लंबरला ‘ला’ लागला आहे, त्यामुळे क्रियापद त्याच्या लिंगाप्रमाणे चालत नाही, ते ‘बोलावण्यात आले नाही’ असं नपुंसकलिंगी एकवचनी राहतं. ‘ला’ काढून ‘प्लंबर बोलावण्यात आला नाही’ केलं तरी चालेल. दोन्ही वाटा बरोबर असताना मी पहिली घेतो, कारण ‘आला’चं ‘आले’ केलं की भागतं, त्यांचे बाकीचे शब्द जागच्या जागी राहतात.

तू मात्र वाक्यच नवं लिहिलंस: ‘वारंवार नम्रपणे कळवूनही योग्य कार्यवाही झाली नाही.’ कानाला बरं वाटतं. पण ‘तीनदा’ गेलं आणि प्लंबरही गेला. तीन अर्ज कमिटीच्या दप्तरात काढून दाखवता येतात, ‘वारंवार’ दाखवता येत नाही. ‘नम्रपणे’ तर त्यांनी कुठे म्हटलंच नव्हतं. ते चिडले आहेत, आणि तो राग त्यांच्या सहीखाली त्यांच्याच शब्दांत जायला हवा.

‘चवथीपूर्वी दुरुस्ती व्हावी’ याचं तू ‘गणेशोत्सवापूर्वी’ केलंस. ‘चवथ’ गोव्यात शेंबड्या पोरालाही कळते. ती अशुद्ध नाही, आपली आहे. परत लिही.

आणि तारीख. वर ‘१२ जून रोजी पहिला अर्ज दिला’, खाली ‘१४ जूनच्या पहिल्या अर्जाची प्रत सोबत जोडली आहे’. तू दोन्हीकडे १२ केलंस. कदाचित १४ खरी असेल. शुद्धलेखनाच्या नियमांत याचं उत्तर नाही, ते जोडलेल्या प्रतीवर आहे, आणि ती त्यांच्याकडे आहे. अशा जागी आकड्याला हात न लावता समासात ‘तारीख तपासावी’ एवढंच लिहायचं. नावं, फ्लॅटचे नंबर, रकमा यांनाही हेच लागू.

पुढच्या वेळी कागद दोनदा वाच. एकदा फक्त ऱ्हस्व-दीर्घ आणि अनुस्वारासाठी, शब्द सुटे सुटे करून. दुसऱ्यांदा फक्त क्रियापदं, प्रत्येकाचा कर्ता-कर्म बोटाने शोधत. दोन्ही एकदम करायला गेलं की अर्थात गुंतायला होतं, आणि मग हात आपोआप वाक्य सुधारायला लागतो.

आता मूळ कागदावर लाल पेनाने फक्त चुका दाखव, पेन्सिलीने ते दोन प्रश्न लिही आणि आज संध्याकाळीच त्यांच्याकडे जा. उद्या ते पत्र देऊन सेक्रेटरींची पोच घेणार आहेत.

तुझा,
काका