भाडेकरू गेला, सामान राहिलं

«ताई, धनकवडीतलं आमचं वन रूम किचन अकरा महिन्यांच्या करारावर एका मुलाला दिलं होतं. २ नोव्हेंबरला त्याने शेजारी चावी ठेवली आणि 'नांदेडला घरी जातोय, परत येणार नाही' असा मेसेज केला. तेव्हापासून फोन उचलत नाही. फ्रिज, कपाट, गॅस सिलिंडर, कपडे, एक फाईल, सगळं खोलीतच आहे. ऑक्टोबरचं भाडंही राहिलंय. 'आठ दिवसांत सामान न्या, नाहीतर भंगारात देईन' असं पत्र लिहून ठेवलंय. पाठवू का?»
– एक घरमालकीण, पुणे

ताई, ते पत्र पाठवू नका. तुमची अडचण खरी आहे, पण त्या शेवटच्या वाक्याने तुमचीच बाजू लंगडी होईल.

तुमचा करार लीव्ह अँड लायसन्सचा असणार. अशा परवान्यांना १८८२चा सुखाधिकार कायदा लागतो. त्याच्या कलम ६२प्रमाणे, राहणाऱ्याने स्वतःहून जागा सोडली की परवाना संपतो. चावी आणि तो मेसेज याचा पुरावा आहे, तेव्हा मेसेजचा स्क्रीनशॉट आजच काढून ठेवा. पुढचं कलम ६३ सांगतं की परवाना रद्द झाल्यावर सामान हलवायला वाजवी वेळ मिळण्याचा त्याला हक्क आहे. वाजवी म्हणजे किती दिवस, हे कायद्यात लिहिलेलं नाही. म्हणून तारीख तुम्ही ठरवायची, आणि ती कुणालाही पटेल अशी हवी.

तो नांदेडला आहे. पत्र पोचायला काही दिवस जातील, मग टेम्पो ठरवायचा, सुट्टी काढायची. १० नोव्हेंबरला पत्र टाकलंत तर तीस दिवस १० डिसेंबरला, बुधवारी भरतात. मी मुदत १४ डिसेंबरच्या रविवारपर्यंत नेईन. चार दिवसांनी तुमचं फारसं बिघडत नाही आणि त्याला सुट्टीचा वार मिळतो.

पत्राआधी दोन शेजाऱ्यांना घेऊन खोली उघडा. प्रत्येक वस्तूचे फोटो काढा, यादी करा, खाली तिघांच्या सह्या आणि तारीख घ्या. फ्रिजमधलं नासलेलं फोटो काढून टाकून द्या. सिलिंडरचा रेग्युलेटर बंद करून काढा आणि सिलिंडर हवेशीर जागी उभा ठेवा. कनेक्शन त्याच्या नावावर असेल तर ते त्यानेच एजन्सीत जमा करायचं, हे पत्रात लिहा. फाईलमध्ये मूळ मार्कशीट किंवा जातीचा दाखला असेल तर ती वेगळी काढून कपाटात ठेवा. ती कुठल्याही मुदतीत धरू नका, कारण असे कागद पुन्हा मिळवताना माणूस रडकुंडीला येतो.

मजकूर असा ठेवा:

«आपण २ नोव्हेंबरच्या मेसेजने खोली सोडल्याचे कळवले. सोबतच्या यादीतील सामान खोलीत सुरक्षित आहे. १४ डिसेंबरपर्यंत सकाळी दहा ते संध्याकाळी सात या वेळात, एक दिवस आधी फोन करून, ते घेऊन जावे. स्वतः येणे शक्य नसल्यास कोणाला पाठवत आहात ते लेखी कळवावे. अधिक वेळ हवा असल्यास या तारखेपूर्वी सांगावे. डिपॉझिटचा हिशेब सोबत आहे.»

हे करारातल्या कायमच्या पत्त्यावर स्पीड पोस्टने पाठवा. पावती जपा, आणि पाकीट परत आलं तर न फोडता ठेवा. तेच व्हॉट्सॲपवर टाका. करारावर त्याच्या बाजूने सही केलेल्या साक्षीदारालाही फोन करा. मुलगा असा अचानक उठून गेलाय, घरी काही घडलं असेल. तो सुखरूप आहे ना, हे आधी विचारा.

आता भाडं. त्यासाठी सामान अडवून धरू नका, डिपॉझिट त्याचसाठी असतं. समजा डिपॉझिट ३०,००० आहे, भाडं ११,००० आणि विजेचं बिल ६४०. उरलेले १८,३६० रुपये त्याला परत द्यायचे आहेत, हे पत्रात स्पष्ट दिसू द्या. गप्प बसलेली माणसं अनेकदा एवढ्यानेच बोलू लागतात. करारात नोटीस महिन्याची अट असेल तर ती रक्कम वेगळ्या ओळीत दाखवा.

१४ तारीख उलटली म्हणून सामान तुमचं होत नाही. आणखी पंधरा दिवसांचं दुसरं पत्र पाठवा. तोवर सगळं बांधून एका कोपऱ्यात किंवा माळ्यावर हलवा, म्हणजे खोली पुन्हा भाड्याने देता येईल. दुसरी मुदतही गेली तर फाटकी गादी, तुटकी बादली असल्या बिनमोलाच्या वस्तू फोटो आणि साक्षीदारांसह काढता येतील. फ्रिज आणि कपाट मात्र वकिलाला विचारल्याशिवाय विकू नका. ते विकून पैसे ठेवून घेतलेत तर उद्या तोच तुमच्याविरुद्ध पोलिसांत जाऊ शकतो.

तो सामान न्यायला आला की यादीवर 'सर्व मिळाले' असं लिहून त्याची सही घ्या आणि डिपॉझिटची रक्कम त्याच वेळी बँकेतून वळती करा.