जेवल्यावर वर येणारा घास: दर वेळी ॲसिडिटीच असते असे नाही

प्रश्न: जेवण झाल्यावर दहा मिनिटांत घास आपोआप तोंडात येतो. मळमळ नाही, उलटी नाही. वर्षभर ॲसिडिटीच्या गोळ्या घेतोय, फरक शून्य. हे काय असावे?

उत्तर: मलाही हा त्रास दोन वर्षे होता. सकाळी इंदूरच्या घरी पोहे खाऊन निघाले की कोपऱ्यावर पोहोचेपर्यंत ते तोंडात आलेले असत आणि त्यांची चव आंबट नसे, तर बडीशेपेसकट ताटातल्यासारखीच असे. पॅन्टोप्राझोल चालूच होते, एंडोस्कोपीतही काही निघाले नव्हते. अखेर एका पोटविकारतज्ज्ञांनी विचारले, की घास वर येताना जोर लागतो का, झोपेत कधी येतो का, आणि तो आंबट लागू लागला की येणे थांबते का. माझी उत्तरे ‘नाही, नाही आणि हो’ अशी होती. याला रुमिनेशन सिंड्रोम म्हणतात, असे त्यांनी सांगितले.

यात दोष आम्लाचा नसतो. पोटाच्या भिंतीचे स्नायू नकळत आवळले जातात, जठरावर दाब येतो आणि अन्न वर ढकलले जाते. गोळी आम्ल कमी करते, स्नायूंना आवरत नाही. जेवल्यावर बेंबीच्या वर तळहात ठेवून पाहा. माझ्या हाताखाली पोट टणक होई आणि पुढच्याच क्षणी घास येई.

पोट फुगवून श्वास घेताना हे स्नायू सैल सोडावेच लागतात, म्हणून दोन्ही क्रिया एकाच वेळी होऊ शकत नाहीत. सगळा उपचार एवढ्यावरच उभा आहे. आधी उताणे पडून एक हात छातीवर व एक पोटावर ठेवावा, नाकाने चार सेकंद श्वास घ्यावा, सहा सेकंद सोडावा, आणि हलावा तो फक्त पोटावरचा हात. हे जमले की तसाच श्वास बसून, प्रत्येक जेवण संपताच पंधरा मिनिटे घ्यावा आणि घास येणार असे वाटताच पुन्हा सुरू करावा. मी पहिला महिना वाया घालवला, कारण सराव फक्त पहाटे उपाशीपोटी करत होते आणि जोडीला कपालभातीही करत होते, जिच्यात पोटाला आत हिसके बसतात, म्हणजे नेमके उलटे. जेवणानंतरचा सराव सुरू केल्यावर दीडेक महिन्यात दर जेवणामागे आठ-दहा वेळा येणारा घास एखाद्या वेळेवर आला. लग्नाच्या पंगतीत गप्पांच्या नादात श्वास विसरले, की तो आजही येतो.

मात्र गिळताना घास अडकत असेल, रात्री उशीवर अन्न येत असेल, वजन उतरत असेल किंवा रक्त दिसत असेल, तर श्वासावर विसंबू नका. अन्ननलिकेचे दुसरे आजार आधी तपासून घ्यावे लागतात. गोळ्याही डॉक्टरांना विचारूनच थांबवा, कारण त्या एकदम सोडल्यास काही आठवडे खरोखरीची जळजळ उसळू शकते.