आधी टर्निंग पॉइंट शोध, मग एडिटला बस

अरे, ट्रिपचा व्हिडिओ बनवताना सगळ्या क्लिप्स तारखेनुसार टाइमलाइनवर ओतू नकोस, तसं केलंस की व्हिडिओ होत नाही, नुसती हजेरी लागते. आधी सगळं फुटेज एकदा बघून घे आणि ठरवलेलं जिथे फिसकटलं किंवा तुझं मत बदललं अशी एकच जागा शोध. समज सनराइज बघायला डोंगर चढलात आणि वर नुसतं धुकं, तर झाला तुझा टर्निंग पॉइंट.

आता सुरुवात आपोआप ठरते. पहाटे अंधारात बूट घालताना "आज सनराइज बघायचाच" असं कोणीतरी बोललेलं असतं, ती क्लिप पहिली, कारण तुम्हाला काय हवं होतं हेच बघणाऱ्याला माहीत नसेल तर धुक्याचं त्याला काय पडलंय? तशी क्लिप नसेल तर दोन वाक्यांचा व्हॉइसओव्हर चालतो. एअरपोर्ट, हॉटेलची रूम वगैरे कितीही भारी शूट झालं असलं तरी या गोष्टीशी संबंध नसेल तर उडव (जीव तुटतो, माहितीये).

धुक्याच्या शॉटला म्युझिक बंद, फक्त वाऱ्याचा आवाज, आणि पाच-सहा सेकंद कट मारू नकोस. बरेच जण तिथेच ड्रोन शॉट घुसवतात आणि सगळी मजा घालवतात.

शेवटाला टाटा-बायबाय नको, सनराइज हुकल्यावर तुम्ही काय केलंत ते दाखव, म्हणजे उतरताना धुक्यात एकमेकांना हाका मारत हसणं वगैरे, आणि तो हशा संपायच्या आत कट कर.