काळ्या कुर्त्यावरचे डिओचे पांढरे डाग

आधी डाग नखाने हलकेच खरवडून बघ. पूड निघाली तर तो डिओतला क्षार आणि मेण, म्हणजे जाईल. काहीच निघालं नाही आणि कापड फिकट दिसलं, तर परफ्यूमच्या स्पिरिटने रंगच उतरला असेल; तो धुऊन परत येत नाही.

ताजा डाग कोरडाच, जुन्या नायलॉनच्या मोज्याने पुसायचा. नवशिके इथेच ओला हात लावून तो पसरवतात.

जुन्यासाठी:
- एक वाटी पांढरं व्हिनेगर, दोन वाट्या गार पाणी. आधी आतल्या शिवणीवर थेंब टाकून बघ, रंग सुटला तर थांब.
- कुर्ता उलटा करून काखेचा भाग वीस मिनिटं भिजव, बोटांनी चोळ, धू.

ब्लीच, ब्रश नको. वाळत सावलीत घाल. नाशिकचं एप्रिलचं ऊन काळा रंग खातं.