वॉर्डात विचारतेस, मग तिथे का नाही?

‘आयईएलटीएसच्या स्पीकिंगमध्ये प्रश्न कळला नाही म्हणून परत विचारला, तर मार्क जातात का? आणि विचार करायला थांबलं तर?’

एकदोनदा विचारल्याने काही बिघडत नाही. बिघडतं ते न विचारता अंदाजाने बोलत सुटल्याने. हा प्रश्न माझ्याकडे दर महिन्याला कुणी ना कुणी घेऊन येतं, म्हणून एका परिचारिकेची गोष्ट सांगते (ओळख पटू नये एवढे तपशील बदलले आहेत).

तिला ब्रिटनला जायचं होतं. तिथल्या नर्सिंग नोंदणीला इंग्रजीच्या या परीक्षेत स्पीकिंगला ७ लागतात आणि तिची गाडी दोनदा ६.५ वर अडली होती. दुसऱ्या वेळी प्रश्न होता ‘कम्यूटिंग’बद्दल, म्हणजे रोजच्या येण्याजाण्याबद्दल. तिने ऐकलं ‘कम्युनिटी’. शंका आली होती, तरी समाजाबद्दल बोलत राहिली.

“विचारलं का नाहीस?”

“इंग्रजी कच्चं आहे असं वाटेल ना त्यांना.”

दोन भेटी आम्ही याच वाक्याभोवती फिरत होतो. तिसऱ्या भेटीत मी विचारलं, “रात्री डॉक्टरांनी फोनवर औषध सांगितलं आणि डोस नीट ऐकू आला नाही, तर?”

“परत विचारते. लिहून घेते, वाचून दाखवते.”

“तेव्हा कमीपणा वाटतो?”

“छे! ते कामच आहे माझं.” आणि ती एकदम गप्प झाली. मग हळूच म्हणाली, “इथेही तेच करायचंय, नाही का?”

मी विवेकनिष्ठ विचारसरणीची, म्हणजे ‘झालंच पाहिजे’ हा हट्ट तपासून बघायला लावणारी. ‘पहिल्या फटक्यात कळलंच पाहिजे’ यातला ‘च’ गळून पडण्याचा क्षण मला अजून तितकाच आवडतो.

पुढचं काम सरावाचं. स्पीकिंगच्या पहिल्या भागातले प्रश्न ठरलेले असतात. परीक्षक प्रश्न पुन्हा म्हणतील, पण उलगडून सांगतीलच असं नाही. तिथे ‘सॉरी, कुड यू से दॅट अगेन?’ पुरे. तिसऱ्या भागात मात्र चर्चा असते. तिथे ‘डू यू मीन ट्रॅव्हलिंग टू वर्क?’ असं आपल्याला कळलेलं त्यांच्यापुढे ठेवावं, डोस वाचून दाखवतो तसं. दुसऱ्या भागात विषय कागदावर असतो आणि तयारीला एक मिनिट मिळतं.

थांबण्याचं थोडं वेगळं आहे. गुणांच्या निकषांत, विशेषतः वरच्या बँडना म्हणजे गुणपातळ्यांना, मुद्दा सुचायला थांबणं आणि शब्द शोधत अडखळणं यांत फरक केला आहे. दुसऱ्याने प्रवाहीपणाचे गुण खाली येतात. म्हणून ‘अं... अं...’ऐवजी ‘आय हॅवन्ट रिअली थॉट अबाउट दॅट, बट आय सपोज...’ म्हणावं आणि लगेच मुद्द्यावर यावं. हेच वाक्य प्रत्येक उत्तराआधी आलं, तर पाठांतर उघडं पडतं. दर दुसरा प्रश्न परत विचारावा लागत असेल, तर आधी ऐकण्याचाच सराव हवा.

तिसऱ्या परीक्षेत तिने दोनदा विचारलं. स्पीकिंगला ७ आले.